कलांतराचे उत्तर जुळत नाही, तेव्हा चूक कोठे शोधावी

पदवीच्या वर्गांना प्रयोगशाळेत ध्वनितरंगाचा एक प्रयोग असतो. स्पीकरमधून १००० हर्ट्झचा शुद्ध स्वर सोडायचा, त्याच्या समोर दोन माइक वेगवेगळ्या अंतरांवर ठेवायचे, दोन्ही माइकांच्या तारा ऑसिलोस्कोपच्या दोन वाहिन्यांना जोडायच्या आणि पडद्यावरील दोन वक्रांवरून त्या दोन बिंदूंमधले कलांतर मोजायचे. तेच कलांतर अंतर आणि तरंगलांबी यांवरून सूत्रानेही काढायचे. दरवर्षी निदान तीन-चार गट एकच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात: सूत्र एक सांगते आणि पडदा दुसरेच दाखवतो. हा दोष मी इतक्या वेळा दूर केला आहे की आता विद्यार्थ्यांनी दोन आकडे सांगितले की पुष्कळदा उपकरणाकडे न जाताच चुकीचा ठिकाणा लागतो. तो कसा लागतो, हे येथे क्रमाने लिहीत आहे.

सूत्र स्वतः अगदी लहान आहे.

```
Δφ = 2π × Δx / λ     (रेडिअनमध्ये)
Δφ = 360° × Δx / λ   (अंशांमध्ये)
```

यातील Δx हे दोन बिंदूंमधले अंतर आणि λ ही तरंगलांबी. एका तरंगलांबीइतके पुढे गेले की कला एक पूर्ण फेरा करते. म्हणून अंतरात किती तरंगलांबी बसतात एवढेच मोजायचे आणि त्याला ३६० अंशांनी गुणायचे. चुका सूत्राच्या रूपात क्वचितच होतात. त्या होतात Δx आणि λ या दोन अक्षरांच्या जागी काय ठेवले जाते त्यात, आणि मांडणी सूत्राच्या अटी पाळते की नाही त्यात.

लक्षणे

पुढील सर्व चर्चेसाठी एकच उदाहरण घेतो. खोलीचे तापमान ३० अंश सेल्सिअस, वारंवारता १००० हर्ट्झ, दोन्ही माइक स्पीकरच्या समोर एकाच सरळ रेषेत, त्यांच्यातील अंतर ५० सेंटिमीटर. या तापमानाला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९.५ मीटर असतो, म्हणून तरंगलांबी ३४.९५ सेंटिमीटर. ५० सेंटिमीटरमध्ये अशा १.४३ तरंगलांबी बसतात, म्हणजे कलांतर ५१५ अंश. त्यातला एक पूर्ण फेरा पडद्यावर दिसत नाही, म्हणून दिसायला हवेत ते १५५ अंश.

आता ज्या रूपांत तक्रार येते ती रूपे पाहू. कोणाचे उत्तर ८.९९ येते, कोणाचे ५१५ येते आणि पडदा १५५ दाखवतो. कोणी पडद्यावर २०५ अंश मोजतो, कोणी ३३५. कोणाचे कलांतर सूत्रापेक्षा दरवेळी बरोबर दुप्पट भरते किंवा निम्मे. कोणाच्या मोजणीत जवळच्या अंतरांना उत्तर जुळते, पण माइक दूर नेत गेले की फरक वाढत जातो. कोणी माइक कितीही हलवला तरी दोन्ही वक्र एकमेकांवरच पडलेले राहतात. आणि सर्वांत त्रासदायक रूप म्हणजे काही अंतरांना उत्तर जुळते, थोडे पुढे सरकले की वीस-तीस अंशांनी बिघडते, आणि आणखी पुढे पुन्हा जुळते.

यांतील प्रत्येक लक्षणाचे कारण निराळे आहे. म्हणून पहिली गोष्ट अशी की एकाच अंतराचे मोजमाप घेऊन निष्कर्ष काढू नये. एक माइक जागेवर ठेवून दुसरा ०, १०, २०, ३०, ४० आणि ५० सेंटिमीटरवर न्यावा, सहा वाचने घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी सूत्राशी किती फरक पडतो ते लिहावे. हे दहा मिनिटांचे काम आहे. त्यातून फरक अंतराबरोबर वाढतो, सर्व ठिकाणी सारखा राहतो, की वरखाली होतो हे कळते. वाढत असेल तर तरंगलांबी किंवा अंतर चुकले आहे, सारखा असेल तर चूक जोडणीत किंवा उपकरणात आहे, आणि वरखाली होत असेल तर तरंग एकाच दिशेने जात नाही.

आधी कागद तपासावा

सर्वांत स्वस्त तपासणी वहीतच होते. उत्तर ८.९९ आले असेल तर ते चूक नाही, ते रेडिअनमध्ये आहे, त्याला ५७.३ ने गुणले की ५१५ अंश मिळतात. दोन उत्तरांचे गुणोत्तर ५७ च्या आसपास आले की दुसरे काही शोधू नये, एकक पाहावे. अंतर सेंटिमीटरमध्ये आणि तरंगलांबी मीटरमध्ये ठेवल्यास उत्तर शंभरपट येते. ही चूक ढोबळ वाटते, तरी मी ती चांगल्या विद्यार्थ्यांच्या वहीत पाहिली आहे.

यावर मी एक सवय लावून घेण्यास सांगतो. सूत्रात 2π घालण्यापूर्वी Δx / λ हा भागाकार स्वतंत्र ओळीत लिहावा. आपल्या उदाहरणात तो १.४३ आहे. या आकड्याला एकक नसते, म्हणून एककाची गडबड येथेच उघडी पडते. शिवाय पूर्ण भाग आणि अपूर्णांक डोळ्यांसमोर वेगळे राहतात. १ म्हणजे एक पूर्ण फेरा आणि ०.४३ म्हणजे पडद्यावर दिसणारा भाग. ऑसिलोस्कोप फक्त अपूर्णांक दाखवू शकतो, कारण ज्या वक्राने फेरा पूर्ण केला आहे तो आणि ज्याने केलेला नाही तो यांत पडद्यावर काहीच भेद नसतो. म्हणून ५१५ आणि १५५ ही परस्परविरोधी उत्तरे नव्हेत.

पडद्यावर कोणते शृंग धरले आहे

२०५ अंश मोजणाऱ्या गटाची चूक येथे असते, आणि १५५ व २०५ यांची बेरीज ३६० होते हीच तिची खूण आहे. काल-मापनाचे बटण एका घराला ०.२ मिलिसेकंद असे ठेवले असेल तर एक आवर्तकाल बरोबर पाच घरे व्यापतो. दूरच्या माइकाचे शृंग जवळच्या माइकाच्या शृंगाच्या उजवीकडे २.१५ घरांवर दिसते, म्हणजे ०.४३ मिलिसेकंद उशिरा. परंतु डावीकडेही एक शृंग असते आणि ते २.८५ घरांवर असते. नजर त्या डावीकडच्या शृंगाकडे गेली की २.८५ भागिले ५ गुणिले ३६० असा हिशेब होऊन २०५ अंश मिळतात.

दूरच्या बिंदूवर तरंग नंतर पोहोचतो, म्हणून तेथील कला नेहमी मागे असते. ही दिशा धरूनच मोजावे. पडद्यावर वेळ डावीकडून उजवीकडे वाढते, त्यामुळे मागे असलेला वक्र उजवीकडे सरकलेला दिसतो. पाठ्यपुस्तकातील आकृतीत मात्र आडव्या अक्षावर अनेकदा वेळ नसून अंतर असते. त्या आकृतीची सवय झालेले विद्यार्थी उजवीकडे सरकलेल्या वक्राला पुढे गेलेला समजतात. आडव्या अक्षावर काय आहे, एवढा एकच प्रश्न मी अशा वेळी विचारतो.

अंतर कोणत्या रेषेवर मोजले

येथे थोडे थांबावे लागेल, कारण सूत्राची जी अट सर्वाधिक वेळा मोडली जाते ती ही आहे. Δx म्हणजे दोन बिंदूंमधले कोणतेही अंतर नव्हे. ते तरंग ज्या दिशेने जातो त्या दिशेने मोजलेले अंतर आहे. दोन माइक एकमेकांपासून अर्धा मीटर दूर असूनही त्यांच्यात शून्य कलांतर असू शकते, जर ते दोघे स्पीकरपासून सारख्याच अंतरावर असतील.

एका गटाने जागेची अडचण म्हणून दुसरा माइक पहिल्याच्या मागे न ठेवता बाजूला ठेवला होता. पहिला माइक स्पीकरच्या समोर १०० सेंटिमीटरवर होता आणि दुसरा त्याच्यापासून काटकोनात ३० सेंटिमीटर बाजूला. त्यांनी ३० भागिले ३४.९५ असा भागाकार करून ३०९ अंश काढले होते, आणि पडद्यावर सुमारे ४५ अंश दिसत होते. त्यांनी उपकरणालाच दोष दिला. प्रत्यक्षात दुसऱ्या माइकाचे स्पीकरपासूनचे अंतर काटकोन त्रिकोणाच्या कर्णाइतके, म्हणजे १०४.४ सेंटिमीटर होते. तरंगाला पहिल्यापेक्षा फक्त ४.४ सेंटिमीटर जास्त जायचे होते. ४.४ भागिले ३४.९५ म्हणजे ०.१२६, आणि त्याचे अंश ४५. पडदा बरोबर सांगत होता.

म्हणून मोजपट्टी दोन माइकांच्या मधे लावू नये. प्रत्येक माइकाचे स्पीकरपासूनचे अंतर स्वतंत्रपणे मोजावे आणि मग वजाबाकी करावी. हे पथांतरच सूत्रात जाते. स्पीकरचा नेमका कोणता भाग धरायचा हा प्रश्न दोन्ही माइक एकाच रेषेत असताना उरत नाही, कारण तीच चूक दोन्ही मापांत येते आणि वजाबाकीत नाहीशी होते.

तरंगलांबी कोठून आणली

फरक अंतराबरोबर वाढत असेल आणि मांडणी सरळ रेषेत असेल, तर संशय तरंगलांबीवर घ्यावा. उत्तर बरोबर दुप्पट किंवा निम्मे येत असेल तर तरंगलांबी ठरवतानाच चूक झाली आहे: शृंगापासून लगतच्या गर्तापर्यंतचे अंतर, किंवा अप्रगामी तरंगातील दोन लगतच्या निस्पंद बिंदूंमधले अंतर, हे तरंगलांबीच्या निम्मे असते. ते पूर्ण तरंगलांबी म्हणून धरले की कलांतर दुप्पट होते.

फरक थोडाथोडा वाढत असेल तर कारण बहुधा ध्वनीच्या वेगात असते. विद्यार्थी पाठ असलेला ३४० मीटर हा वेग वापरतात. त्यावरून तरंगलांबी ३४ सेंटिमीटर येते आणि ५० सेंटिमीटरसाठी पडद्यावर १६९ अंश दिसावेत असा हिशेब होतो. खऱ्या १५५ पेक्षा १४ अंशांनी जास्त. दहा सेंटिमीटरवर हाच फरक जेमतेम तीन अंश असतो, म्हणून तेथे उत्तर जुळल्यासारखे वाटते. तापमान अंश सेल्सिअसमध्ये घेऊन त्याला ०.६०६ ने गुणावे आणि ३३१.३ मध्ये मिळवावे, म्हणजे नेहमीच्या खोलीतील हवेसाठी पुरेसा अचूक वेग मिळतो. भिंतीवरचा तापमापक पाहण्याचे कष्ट न घेतल्यामुळे प्रयोग फसल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, विशेषतः एप्रिल-मेमधील परीक्षांच्या वेळी.

तापमानावरही विसंबायचे नसेल तर तरंगलांबी पडद्यावरूनच मोजता येते, आणि माझ्या मते हीच पद्धत अधिक चांगली. ऑसिलोस्कोप एक्स-वाय पद्धतीवर ठेवावा. दोन्ही माइक शेजारी-शेजारी असताना पडद्यावर उजवीकडे झुकलेली तिरकी रेषा दिसते. एक माइक हळूहळू मागे नेऊ लागले की ती रेषा फुगून लंबवर्तुळ होते, मग डावीकडे झुकलेली रेषा होते, पुन्हा फुगते आणि शेवटी उजवीकडे झुकलेल्या मूळ रेषेवर परत येते. तेवढ्या प्रवासात माइक एक तरंगलांबी मागे गेलेला असतो. असे तीन फेरे मोजून एकूण अंतराला तीनने भागावे. आपल्या उदाहरणात हे अंतर सुमारे १०५ सेंटिमीटर भरते. यात पूर्ण फेरेही आपोआप मोजले जातात, त्यामुळे एरवी पडद्यावर हरवणारा तो पूर्णांकही हाती लागतो.

ज्यांच्याकडे ४० किलोहर्ट्झचे स्वनातीत संच आहेत त्यांना येथे अधिक जपावे लागते. तेथे तरंगलांबी ८.७४ मिलिमीटर असते आणि मोजपट्टीवरील एका मिलिमीटरची चूक ४१ अंशांची होते. १००० हर्ट्झला तीच चूक एका अंशाची असते. म्हणून त्या संचावर सरकणारा माइक मायक्रोमीटर-स्क्रूवर किंवा निदान व्हर्नियर असलेल्या पट्टीवर बसवलेला नसेल, तर उत्तर जुळण्याची अपेक्षाच करू नये.

जोडणी आणि ऑसिलोस्कोप

प्रत्येक अंतराला फरक सारखाच येत असेल तर दोन्ही माइक एकमेकांना चिकटवून स्पीकरसमोर ठेवावेत. येथे कलांतर शून्य यायला हवे. ते १८० अंश आले, तर एका माइकाच्या तारा उलट जोडल्या आहेत किंवा दुसऱ्या वाहिनीचे INV बटण दाबलेले राहिले आहे. सुरुवातीला सांगितलेला ३३५ अंशांचा गट हाच. १५५ मध्ये १८० मिळवले की ३३५ होतात. शून्याऐवजी १०-१५ अंश आले तर दोन्ही माइक आणि तारा आपसांत बदलून पाहावे. तेवढाच फरक उलट चिन्हाने आला तर दोष माइकात किंवा तारेत आहे. तो तसाच राहिला तर ऑसिलोस्कोपच्या वाहिनीत आहे. दोन माइक निरनिराळ्या बनावटीचे असले की असा फरक सहज येतो, आणि तो शून्यस्थितीतील वाचन म्हणून सर्व मापांतून वजा करता येतो.

माइक कितीही हलवला तरी दोन्ही वक्र एकमेकांवरच राहत असतील, तर ट्रिगरची निवड पाहावी. काही ऑसिलोस्कोपांत ट्रिगर आळीपाळीने दोन्ही वाहिन्यांकडून घेण्याची सोय असते. तशी निवड असली की प्रत्येक वक्र स्वतःच्याच शून्यापासून काढला जातो आणि त्यांच्यातील कालांतर पुसले जाते. पडदा स्थिर आणि सुबक दिसतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. ट्रिगर फक्त पहिल्या वाहिनीवर ठेवला की दुसरा वक्र लगेच आपल्या खऱ्या जागी सरकतो.

भिंतीवरून परतणारा तरंग

शेवटची तपासणी सर्वांत कष्टाची. फरक वरखाली होत असेल, तर पुढे जाणाऱ्या तरंगात मागून परतणारा तरंग मिसळला आहे. आपले सूत्र एकाच दिशेने जाणाऱ्या प्रगामी तरंगासाठी आहे. पूर्ण अप्रगामी तरंगात तर ते लागूच पडत नाही: दोन लगतच्या निस्पंद बिंदूंमधील सर्व बिंदू एकाच कलेत असतात, आणि निस्पंद बिंदू ओलांडला की कला एकदम १८० अंशांनी बदलते. खोलीत या दोन टोकांच्या मधली अवस्था असते.

ती ओळखण्यासाठी कलेकडे न पाहता वक्राच्या उंचीकडे पाहावे. माइक मागे नेताना उंची सावकाश कमी होत गेली तर ठीक. पण ती कमी-जास्त होत असेल आणि लगतच्या दोन उंच जागांमध्ये सुमारे १७.५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी असेल, तर परावर्तन नक्की आहे. परतणाऱ्या तरंगाचा आयाम मूळ तरंगाच्या तीन दशांश असला तरी उंच आणि सखल जागांमधील उंचीचे गुणोत्तर १.८६ होते आणि एका बिंदूची कला साडेसतरा अंशांपर्यंत सरकू शकते. दोन बिंदू विरुद्ध बाजूंना सरकले तर कलांतरात ३५ अंशांची चूक येते. अशा वेळी दोन माइकांतील अंतर कितीही काळजीपूर्वक मोजून उपयोग नसतो.

उपाय परावर्तन कमी करण्याचा आहे. माइक स्पीकरच्या जवळ आणावेत, म्हणजे थेट येणारा तरंग परतणाऱ्यापेक्षा बराच मोठा राहतो. आम्ही एक मीटरच्या आतच सर्व मापे घेतो. स्पीकर आणि माइक टेबलाच्या पृष्ठभागापासून स्टँडवर उंच घ्यावेत, कारण टेबलाची लाकडी फळी जवळच्या भिंतीइतकेच परावर्तन करते. समोरच्या भिंतीवर जाड गादी उभी करावी. एका चादरीने १००० हर्ट्झला फारसा फरक पडत नाही, कारण चतुर्थांश तरंगलांबीच ८.७ सेंटिमीटर आहे आणि तिच्या मानाने पातळ कापड तरंग फारसा शोषत नाही. हे सर्व करूनही जमले नाही, तर पूर्ण मांडणी मोकळ्या अंगणात न्यावी. आमच्या एका गटाचा फरक प्रयोगशाळेत ३० अंशांपर्यंत जात होता. त्याच संचाने, त्याच माइकांनी मैदानात घेतलेली सहाही वाचने सूत्राशी पाच अंशांच्या आत जुळली.

कोठे थांबावे

दोन्ही वाहिन्यांना एकाच तारेतून एकच संकेत दिला असता कलांतर शून्य आले नाही, INV बटण सुटे आहे, ट्रिगर एका वाहिनीवर आहे, आणि तारा बदलूनही फरक तेवढाच राहतो, तर दोष ऑसिलोस्कोपच्या आत आहे. येथे विद्यार्थ्याने आणि शिक्षकानेही हात थांबवावा. जुन्या, काचेच्या नळीच्या ऑसिलोस्कोपात हजारो व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो आतील धारित्रांमध्ये काही काळ साठून राहतो. पेचकस घेऊन झाकण उघडू नये. उपकरणदुरुस्तीच्या तंत्रज्ञाला बोलवावे आणि त्याला चारच गोष्टी लिहून द्याव्यात: दिलेली वारंवारता, दोन्ही वाहिन्यांची व्होल्ट-प्रति-घर निवड, एकाच संकेतावर आलेले कलांतर, आणि ते वारंवारता बदलल्यावर बदलते की नाही. वारंवारतेबरोबर वाढणारा फरक एका वाहिनीतील विलंबाकडे बोट दाखवतो, तर सर्व वारंवारतांना कायम राहणारा १८० अंशांचा फरक उलट्या जोडणीकडे. एवढी माहिती हाती असली की तंत्रज्ञाला शोधाशोध न करता नेमक्या विभागापासून सुरुवात करता येते.